३० आकृत्या, ३ पदार्थ

बीएस्सीच्या इनऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पेपरात एक प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी हमखास डोके वर काढतो: ‘[Co(en)₂Cl₂]⁺ या कॉम्प्लेक्सची भौमितिक आणि प्रकाशीय समघटकता आकृत्यांसह स्पष्ट करा.’ बहुतेक उत्तरपत्रिकांत व्याख्या बरोबर असतात. ‘सिस’ आणि ‘ट्रान्स’ हे शब्दही जागच्या जागी असतात. घोळ होतो तो आकृत्यांत. कुणी तीन काढतो, कुणी चार, कुणी एकच आकृती फिरवून दुसऱ्यांदा काढतो आणि तिला आरशातली प्रतिमा म्हणतो. पाठ केलेले चित्र परीक्षेत जरा तिरके आठवले की सगळेच हातून निसटते.

खरे तर हे चित्र पाठ करायचे कारणच नाही. सहा कोपऱ्यांना क्रमांक दिले आणि एक नियम पाळला, तर किती समघटक होतात आणि त्यांतले कोणते प्रकाशाचे प्रतल वळवतात, हे बोटांवर मोजून काढता येते. रसायनशास्त्र कधी न शिकलेल्या माणसालाही ही मोजणी जमेल.

खेळाडू कोण?

मध्यभागी कोबाल्टचा एक आयन आहे, तीन धन प्रभाराचा. त्याच्याभोवती सहा जागा आहेत: वर एक, खाली एक आणि कमरेच्या पातळीवर चार. या सहा जागा जोडल्या की आठ पृष्ठांची आकृती होते, म्हणून हिला अष्टफलक, म्हणजे ऑक्टाहेड्रॉन, म्हणतात. या जागांवर येऊन बसणाऱ्या रेणूंना किंवा आयनांना लिगँड म्हणतात. क्लोराइड एकच जागा अडवतो. ‘en’ म्हणजे एथिलीनडायअमीन. या रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक नायट्रोजन असतो आणि ते दोन्ही कोबाल्टला धरतात. म्हणून तो बायडेंटेट लिगँड. दोन en च्या चार जागा आणि दोन क्लोराइडच्या दोन, असा सहाचा हिशेब पुरा होतो. en वर प्रभार नसतो आणि दोन क्लोराइड मिळून दोन ऋण प्रभार आणतात. म्हणून तीनातून दोन वजा होऊन एकूण प्रभार अधिक एक उरतो. आकृतीभोवती चौकटी कंस आणि हा प्रभार लिहायला विसरू नये. त्यावरही गुण जातात.

आता तो एकमेव नियम. en ची दोन टोके शेजारच्याच जागा धरू शकतात, समोरासमोरच्या नाही. याला कारण आहे मापाचे. कोबाल्टपासून नायट्रोजन साधारण २ अँगस्ट्रॉमवर असतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. शेजारच्या दोन जागांमधले अंतर त्यामुळे सुमारे २.८ अँगस्ट्रॉम भरते आणि समोरासमोरच्या जागांमधले ४. दोन नायट्रोजनांमध्ये फक्त दोन कार्बन अणूंची साखळी आहे. ती पूर्ण ताणली तरी ४ पर्यंत पोहोचत नाही. शिवाय मध्ये कोबाल्ट बसलेला असतो, त्याला वळसा घालण्याइतकी लांबी तिच्यात मुळीच नसते. उत्तरपत्रिकेत en ची कमान वरच्या टोकापासून थेट खालच्या टोकापर्यंत गेलेली दिसली, की परीक्षकाला पुढचे वाचायची फारशी गरज पडत नाही.

मोजणी

वरच्या जागेला १ म्हणू आणि खालच्या जागेला ६. कमरेवरच्या चार जागांना ओळीने २, ३, ४, ५. म्हणजे समोरासमोरच्या जोड्या तीन झाल्या: १ आणि ६, २ आणि ४, ३ आणि ५. बाकी कोणत्याही दोन जागा एकमेकींच्या शेजारी आहेत. हा नकाशा उत्तरपत्रिकेच्या समासात काढून ठेवावा.

आधी दोन क्लोराइड बसवू. ते समोरासमोर असतील किंवा शेजारी; तिसरी शक्यता नाही. समोरासमोर असले की ट्रान्स, शेजारी असले की सिस. भौमितिक समघटकतेचा भाग इथेच संपतो: दोन समघटक.

ट्रान्स रूपात क्लोराइड १ आणि ६ वर ठेवू. en साठी कमरेवरच्या चारही जागा मोकळ्या आहेत. त्या दोन तऱ्हांनी भरता येतात: २–३ आणि ४–५, किंवा ३–४ आणि ५–२. कागदावर ही दोन वेगळी चित्रे दिसतात. पण पहिले चित्र १–६ या उभ्या अक्षाभोवती ९० अंशांनी फिरवले की दुसरे होते. म्हणजे पदार्थ एकच.

आता सिस. क्लोराइड १ आणि २ वर ठेवू. उरल्या ३, ४, ५, ६. या चार जागांच्या दोन-दोनच्या जोड्या तीनच प्रकारे लागतात. ३–४ सोबत ५–६, हा पहिला. ४–५ सोबत ३–६, हा दुसरा. ३–५ सोबत ४–६, हा तिसरा. पण ३ आणि ५ समोरासमोर आहेत, म्हणून तो नियमाने बाद. शिल्लक दोन.

हे दोन एकच आहेत की वेगळे? सगळ्या प्रश्नाचा जीव या ठिकाणी आहे. पहिल्या मांडणीसमोर आरसा धरू या. आरसा असा, की त्याच्या पातळीत १, २, ४ आणि ६ या जागा येतात. त्या चार जागा जागच्या जागी राहतात, फक्त ३ आणि ५ यांची अदलाबदल होते. मग ३–४ चे ५–४ होते आणि ५–६ चे ३–६. म्हणजे पहिल्या मांडणीची आरशातली प्रतिमा बरोबर दुसरी मांडणी आहे.

तरीही ट्रान्ससारखे नुसते फिरवून पहिलीची दुसरी करता आली, तर पदार्थ एकच ठरेल. फिरवून पाहू. फिरवल्यावर क्लोराइड पुन्हा १ आणि २ वरच यायला हवेत, नाहीतर तुलना होणार नाही. असे फिरवणे एकच आहे: १ आणि २ यांच्या मधोमध जाणाऱ्या अक्षाभोवती १८० अंश. त्यात १ आणि २ जागा बदलतात, ४ आणि ६ बदलतात, ३ आणि ५ बदलतात. पहिल्या मांडणीतली ३–४ ही जोडी ५–६ वर जाते आणि ५–६ ही ३–४ वर. मांडणी होती तशीच राहते, दुसरी होत नाही. दुसरा कोणताही मार्ग नाही. म्हणजे डाव्या आणि उजव्या पायातल्या चपलांसारखी ही जोडी आहे. आरशात एकीची दुसरी होते, हातात घेऊन कितीही फिरवली तरी होत नाही. अशा जोडीतल्या प्रत्येकाला एनॅन्शिओमर म्हणतात.

सगळ्या शक्यता मोजल्या तर अष्टफलकात समोरासमोरच्या जागांच्या जोड्या ३ आणि शेजारच्या १२. प्रत्येक जोडीवर क्लोराइड ठेवले, की en दोन तऱ्हांनी बसतात. म्हणून ट्रान्सची चित्रे ६, सिसची २४, एकूण ३०. पदार्थ मात्र तीनच: एक ट्रान्स आणि सिसचे दोन एनॅन्शिओमर. उत्तरपत्रिकेत चौथी आकृती दिसली, तर ती या तिन्हींपैकीच कुणाची तरी फिरवलेली प्रत आहे असे खुशाल समजावे.

हिरवा, जांभळा आणि न दिसणारा फरक

हे तीन पदार्थ कागदावरच राहिलेले नाहीत. कोबाल्ट क्लोराइडचे द्रावण en मिसळून हवेने ऑक्सिडाइज करायचे, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे आणि वाफेच्या पात्रावर आटवायचे. मिळतात ते हिरवे स्फटिक ट्रान्स रूपाचे. तेच पाण्यात विरघळवून आम्लाशिवाय वाफेवर आटवले, की जांभळे सिस रूप मिळते. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात पुन्हा आटवले, की परत हिरवे. डेन्मार्कच्या सोफस योर्गेन्सन यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही हिरवी-जांभळी जोडी माहीत होती, पण त्यामागे अष्टफलक आहे हे त्यांना मान्य नव्हते.

अष्टफलक मांडला तो झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी, १८९३ साली. त्यांचे म्हणणे असे: चार अमोनिया आणि दोन क्लोराइड असलेल्या कॉम्प्लेक्समध्ये सहा जागा सपाट षट्कोनात असत्या तर तीन समघटक मिळायला हवेत, त्रिकोणी प्रिझममध्ये असत्या तरी तीनच, आणि अष्टफलकात मात्र दोन. अडचण अशी, की या अमोनियाच्या मालिकेत तेव्हा हिरवे रूप एकटेच हाती होते. जांभळे रूप वेर्नर यांना १९०७ मध्ये मिळाले. तरी ‘तिसरा सापडला नाही’ हा पुरावा लंगडाच. तो कधीतरी सापडेल, असे कुणीही म्हणू शकतो.

इथे प्रकाशीय समघटकता कामाला आली. सपाट षट्कोनात असे दोन en आणि दोन क्लोराइड कसेही बसवले, तरी तो कागद स्वतःच आरसा ठरतो आणि एनॅन्शिओमरची जोडी पडत नाही. अष्टफलकात सिस रूपाची ती पडलीच पाहिजे. म्हणून ती वेगळी करून दाखवणे हा सकारात्मक पुरावा होता. पण एनॅन्शिओमर वेगळे करणे सोपे नाही. दोघांचा रंग, विद्राव्यता, वितळण्याचा बिंदू सगळे सारखे असते. प्रयोगशाळेत बनवलेल्या जांभळ्या पदार्थात दोघे निम्मे-निम्मे असतात, एक जितके डावीकडे वळवतो तितकेच दुसरा उजवीकडे, आणि पोलॅरिमीटरचा काटा शून्यावर राहतो. ‘सिस रूपाचे द्रावण प्रकाशाचे प्रतल वळवते’ असे सरसकट लिहिणे म्हणूनच चूक आहे. वेगळे केल्यावर वळवते.

१९११ मध्ये वेर्नर आणि त्यांचे अमेरिकन विद्यार्थी व्हिक्टर किंग यांनी हे साधले, तेही या कॉम्प्लेक्सच्या सख्ख्या भावंडात: एका क्लोराइडच्या जागी अमोनिया असलेल्या सिस-[Co(en)₂(NH₃)Cl]²⁺ मध्ये. त्यांनी कापरापासून केलेल्या ब्रोमोकॅम्फरसल्फॉनिक आम्लाच्या एकाच हाताच्या रूपाचा चांदीक्षार वापरला. चांदी हॅलाइडला घेऊन तळाशी बसते आणि कापराचा आयन कॉम्प्लेक्सशी क्षार करतो. आता डाव्या कोबाल्टला उजवा कापूर आणि उजव्या कोबाल्टला उजवा कापूर, हे दोन क्षार एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा राहत नाहीत. त्यांची विद्राव्यता वेगवेगळी होते. कमी विरघळणारा आधी स्फटिकरूपात बाहेर येतो, आणि कापूर काढून घेतला की एकाच हाताचा कोबाल्ट मागे राहतो. पोलॅरिमीटरचा काटा हलला. १९१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल वेर्नर यांना मिळाले.

उत्तरात काय लिहावे

पहिल्या दोन ओळींत कोबाल्टचा ऑक्सिडेशन अंक, सहा जागांचा हिशेब आणि en समोरासमोर बसू शकत नाही हे वाक्य. मग तीन आकृत्या, प्रत्येकीत चौकटी कंस आणि अधिक चिन्ह. ट्रान्सची आकृती स्वतंत्र. सिसच्या दोन आकृत्या मधोमध उभी रेघ ओढून समोरासमोर. रेघेच्या दोन्ही बाजूंना en च्या कमानी कोणत्या क्रमांकांना जोडतात ते तपासून घ्यावे: एकीकडे ३–४ व ५–६, दुसरीकडे ४–५ व ३–६.

आकृत्यांखाली कारण लिहावे लागते, आणि तिथे शब्द जपून वापरावेत. ट्रान्स रूपात सममितीची प्रतले आहेत, उदाहरणार्थ दोन्ही en ज्या पातळीत आहेत ती. ज्या रेणूत असे प्रतल असते त्याची आरशातली प्रतिमा त्याच्यावर तंतोतंत बसते. म्हणून ट्रान्स प्रकाशीयदृष्ट्या निष्क्रिय. सिसमध्ये एकही सममितीचे प्रतल नाही आणि सममितीचे केंद्रही नाही, म्हणून ते सक्रिय. पण ‘सिसमध्ये कसलीच सममिती नाही’ असे लिहू नये. १८० अंशांनी फिरवण्याचा अक्ष त्यात आहे. आपण मघाशी मोजणीत वापरला तोच. अक्षाला एनॅन्शिओमर चालतात, प्रतलाला चालत नाहीत.

‘सिस आहे म्हणून सक्रिय’ हेही पुरेसे कारण नाही. चार अमोनियाच्या [Co(NH₃)₄Cl₂]⁺ मध्येही सिस रूप असते, पण तिथे ३ आणि ५ यांची अदलाबदल केली तर काहीच बदलत नाही, कारण दोन्हीकडे अमोनियाच आहे. सिस रूपाला हात देतात त्या en च्या कमानी. कोणत्या जागा एकमेकींशी जोडलेल्या आहेत, हे त्यांनी ठरवले म्हणून डावे-उजवे निर्माण झाले. हे एक वाक्य उत्तरात आले, तर विद्यार्थ्याला बायडेंटेट लिगँडचा मुद्दा कळला आहे याबद्दल शंका उरत नाही.

जोडप्रश्न म्हणून [Co(en)₃]³⁺ विचारतात. तिथे सहाही जागा en च्या. भौमितिक समघटक नाहीत, कारण सगळे लिगँड सारखे आणि कमानी शेजारीच बसणार. क्रमांकांवर त्या ८ तऱ्हांनी बसतात. त्यांतल्या ४ एका हाताच्या, ४ दुसऱ्या हाताच्या, म्हणून पदार्थ दोन. त्यांना Δ आणि Λ म्हणतात. ही चिन्हे रचनेतला पीळ उजवा की डावा ते सांगतात. पोलॅरिमीटरवरची अधिक-उणे चिन्हे वेगळी, ती मोजूनच कळतात. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात अधिक वळवणारा [Co(en)₃]³⁺ हा Λ आहे, हे जपानच्या योशिहिको साइतो आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात क्ष-किरणांनी दाखवले. त्याआधी अधिक-उण्यावरून रचना सांगणे शक्य नव्हते.

एक मर्यादाही लक्षात असावी. आपण en ची कमान सपाट धरली. खरी कमान किंचित मुरडलेली असते, पण ती मुरड द्रावणात भराभर उलटसुलट होत राहते, म्हणून मोजणीत धरत नाहीत. आणि कागदावर एनॅन्शिओमर पडले म्हणजे ते बाटलीत भरता येतीलच असे नाही. तीन धन प्रभाराचा कोबाल्ट किंवा क्रोमियम लिगँडना घट्ट धरून ठेवतो, म्हणून रूपे टिकतात. दोन धन प्रभाराच्या तांब्याभोवतीचे लिगँड इतक्या लवकर सुटतात आणि जोडले जातात, की वेगळे करण्याआधीच डावे-उजवे एकमेकांत मिसळून जातात. आपला जांभळा सिससुद्धा पाण्यात फार काळ तसाच राहत नाही. हळूहळू क्लोराइडच्या जागी पाणी शिरते.

पद्धत हाती आली की नाही, हे पाहायला [Co(en)(NH₃)₂Cl₂]⁺ घ्यावे. en २–३ वर पक्का बसवायचा. उरलेल्या १, ४, ५, ६ मधून क्लोराइडसाठी दोन जागा निवडायच्या. अशा निवडी सहा होतात. १–६ घेतल्या तर क्लोराइड समोरासमोर, ४–५ घेतल्या तर अमोनिया समोरासमोर. दोन्हींत सममितीचे प्रतल आहे. उरलेल्या चार निवडींपैकी १–४ आणि ६–५ फिरवून एकच होतात, तसेच १–५ आणि ६–४. या दोन जोड्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. म्हणजे भौमितिक समघटक तीन, एनॅन्शिओमर धरून पदार्थ चार. तुमच्या कागदावर तीनच आले असतील, तर आरसा धरायचा राहिला आहे. पाच किंवा सहा आले असतील, तर एकच रेणू फिरवून पुन्हा मोजला गेला आहे.